पुलाचा आकडा आणि आमचा उंबरा

जुलै उजाडला की सांगलीत कुणी "पाऊस किती झाला?" असं विचारत नाही. "पुलावर किती?" असं विचारतात. पूल म्हणजे १९२९ सालचा आयर्विन पूल. तिथे कृष्णेचं पाणी फुटांत मोजतात, ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या लहान पोरालाही पाठ असतात. पण ४५ म्हणजे माझ्या घरात किती, हे बहुतेकांना सांगता येत नाही. गल्लीत दहा घरं असतील तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं, कारण प्रत्येकाचा उंबरा वेगळ्या उंचीवर आहे.

आमचं घर नदीकडच्या जुन्या भागात, उतारावर आहे. खाली तीन खोल्या, वर दिराच्या दोन. दीर पुण्याला असतात, वरच्या किल्ल्या आमच्याकडेच असतात. खाली सासरे (त्यांना सगळे अण्णा म्हणतात), सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगी. २०१९च्या महापुरानंतर घराला पुन्हा रंग द्यायची वेळ आली, तेव्हा अण्णांनी रंगाऱ्याला बजावून ठेवलं, "पाण्याची खूण बुजवायची नाही." दाराच्या चौकटीशेजारी हातभर जागा त्यांनी तशीच ठेवायला लावली. तिथे दोन रेषा आहेत. खालची २००५ची, जमिनीपासून तीन फुटांच्या थोडी वर. वरची २०१९ची, बरोबर सात फुटांवर.

या दोन रेषांनीच आमचं काम सोपं केलं. २०१९ला पुलावर पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं होतं. त्यातून घरातले सात फूट वजा केले की साडेपन्नास उरतात. म्हणजे पुलावर साडेपन्नास झाले की आमच्या फरशीला पाणी लागणार. एका रेषेवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून दुसरी ताडून पाहिली. २००५ला पुलावर ५३च्या पुढे, ५४च्या आत पाणी होतं. त्यातून तीन फूट आणि वरचे काही इंच वजा केले, तरी साडेपन्नासच्या आजूबाजूलाच आकडा आला. दोन वेगळ्या पुरांनी एकच उत्तर दिलं, म्हणून ते धरून चालायला हरकत नव्हती.

पण घर सोडायचं कधी, हे फरशीवरून ठरत नाही, रस्त्यावरून ठरतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी खोलगट जागा आहे, आणि बाहेर पडायला दुसरी वाट नाही. ती जागा फरशीपेक्षा किती खाली आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, कारण उतार लांबवर पसरलेला आहे. शेजारी एक गवंडी राहतात. लेव्हल बघायला ते पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती त्यांनी आणली. नळीचं एक टोक आमच्या उंबऱ्यापाशी, दुसरं पुढे, तिथे खूण करायची आणि तिथून पुन्हा पुढे, असं करत ते गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. फरक निघाला साडेतीन फूट. म्हणजे पुलावर ४७ झाले की गल्लीचं तोंड बंद, आणि तेव्हा घरात पाण्याचा थेंबसुद्धा नसणार! २०१९ला आमच्या गल्लीतली कित्येक माणसं याच साडेतीन फुटांत अडकली होती. घर कोरडं होतं म्हणून थांबली, आणि पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा तोंडाशी कमरेएवढं झालेलं होतं. मग होडीशिवाय बाहेर पडता येईना.

या हिशेबालाही मर्यादा आहे. पुलाचा आकडा पुलापाशीच खरा असतो. आमचं घर पुलापासून लांब आहे आणि पुरात नदीचा पृष्ठभाग सपाट नसतो. शिवाय सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणा फुगली की कृष्णेला पुढे सरकायला जागा राहत नाही. मग सांगलीत पाऊस नसताना, कोयनेचा विसर्ग तेवढाच असतानाही पाणी चढत राहतं. तिसरी गोष्ट गटारांची. नदी वर आली की गटारांची तोंडं पाण्याखाली जातात आणि गावात पडलेला पाऊस बाहेर जाईनासा होतो. तो सखल भागात नदीच्याही वरच्या पातळीला तुंबतो. म्हणून आम्ही एक फूट आधीचाच आकडा धरतो, आणि बाहेर पडायचा आकडा ४६ ठरवला. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो की नाही, यावर आमच्या कट्ट्यावर दर वर्षी भांडण होतं. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागो. फरशी साडेपन्नासलाच आहे.

अण्णांचा अजून एक नेम आहे. ते नुसता सांगलीचा आकडा बघत नाहीत. पाटबंधारे खात्याच्या पत्रकात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी आणि मग आयर्विन अशी रांग असते. वरचे आकडे चढत असतील तर आपला चढणारच. भिलवडी वेगाने वाढली की ते चहा अर्धा सोडून उठतात. कोयनेतून सोडलेलं पाणी इथे पोचायला साधारण एक-दीड दिवस लागतो, म्हणजे सामान हलवायला तेवढा अवधी असतो. मात्र धरणाच्या खालच्या भागात पडलेला पाऊस तेवढा वेळ देत नाही.

२०२१च्या जुलैत तेच झालं. २२ तारखेच्या रात्री महाबळेश्वर, कोयनेकडे पाऊस असा कोसळला की शुक्रवारी सकाळी पत्रकातले सगळे आकडे एकदम उसळलेले दिसले. आमचे टप्पे कागदावर नीट मांडलेले होते. ४०ला कागदपत्रं, औषधं, फोटो. ४३ला वजनी सामान वर. ४५ला वीज आणि गॅस. ४६ला बाहेर. प्रत्यक्षात पाणी इतकं झपाट्याने वाढत होतं की दोन-दोन टप्पे एकदमच आले.

पहिलं काम फोटो काढायचं. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, उघडलेली कपाटं, फ्रिज, मिक्सर, शिलाई मशीन, आणि जमलं तर मॉडेल नंबरच्या पट्ट्या. हे दहा मिनिटांत होतं आणि नंतर पंचनाम्याच्या वेळी कामाला येतं. तलाठी आणि महापालिकेची माणसं येतात तेव्हा घरात फक्त चिखल असतो, काय होतं हे तोंडी सांगावं लागतं. फोटो नणंदेला मिरजेला पाठवून दिले, म्हणजे फोन भिजला तरी ते राहावेत.

कागदपत्रांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण २०१९नंतर गल्लीत सगळ्यात जास्त रडारड त्यावरून झाली. भांडी धुता येतात. ओलं झालेलं जुनं खरेदीखत धुता येत नाही. लोकांची कागदपत्रं होती कुठे, तर लोखंडी कपाटाच्या आतल्या तिजोरीत आणि पत्र्याच्या ट्रंकेत. दोन्हींत पाणी सहज शिरतं. वर तिजोरीचं कुलूप गंजून बसतं आणि कपाट कापून काढेपर्यंत कागद आत कुजत राहतात. लॅमिनेशन केलेले कागद सुरक्षित असतात हा तर मोठा गैरसमज आहे. कडेला बारीकशी फट असली तरी पाणी आत जातं आणि मग बाहेर निघत नाही. कागद प्लॅस्टिकच्या आत बुरशी धरतो आणि सोलायला गेलं की अक्षरं प्लॅस्टिकबरोबर येतात. झेरॉक्सची काळी अक्षरं पाण्यात बऱ्यापैकी टिकतात, पण शाईची सही, जांभळा शिक्का आणि घरच्या शाईवाल्या प्रिंटरची छपाई पसरते. म्हणजे मूळ कागदाची जी ओळख, तीच आधी जाते.

आम्ही दोन गठ्ठे केले. पहिला गठ्ठा अंगाबरोबर न्यायचा. त्यात आधार, रेशनकार्ड, बँकेची पासबुकं, घरपट्टीची आणि विजेच्या बिलाची शेवटची पावती, सासूबाईंचे औषधांचे कागद. पूर ओसरल्यावर मदत मागताना पहिल्या दिवसापासून लागतात ते हेच कागद. ही पिशवी कुणाच्या पाठीवर जाणार हे आधीच ठरलेलं असतं, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने घेतली. दुसरा गठ्ठा म्हणजे खरेदीखत, प्रॉपर्टी कार्ड, विम्याच्या पॉलिसी, मुलीचे आणि आमचे शाळा-कॉलेजचे दाखले, जातीचा दाखला. प्रत्येक कागद वेगळ्या, चेन ओढून बंद होणाऱ्या प्लॅस्टिक पाकिटात, तशी पाकिटं एका जाड पिशवीत, आणि पिशवी झाकणाला आटा असलेल्या प्लॅस्टिकच्या बरणीत. बरणी वरच्या मजल्यावर. एकाच पिशवीत सगळे कागद एकत्र कोंबले आणि तिला छोटंसं भोक पडलं, तर सगळंच जातं. वेगळ्या पाकिटांत असले तर एखादाच कागद जातो. आधार आणि लायसन्स डिजीलॉकरमध्ये आहेत, नोंदणी झालेल्या दस्ताची नक्कल सरकारी कार्यालयातून पुन्हा मिळते, तरीही मूळ कागद हातात असणं वेगळं.

एखादा कागद भिजलाच तर तो उन्हात पसरू नये आणि चिकटलेली पानं ओढू नयेत. गल्लीतल्या एका मास्तरांनी २०१९ला भिजलेले दाखले पिशवीत घालून पाहुण्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवले होते. लोक हसले. पण गारठ्यात बुरशी वाढत नाही, आणि वेळ मिळाल्यावर थोडे थोडे बाहेर काढून, मध्ये कोरा शोषणारा कागद घालून, पंख्याच्या वाऱ्यावर त्यांनी ते सुकवले. जुने दस्तऐवज सांभाळणारेही असंच करतात हे मला नंतर कळलं. मास्तरांचे दाखले सुरकुतले, पण वाचता येतात.

मग वजनी सामान. इथे उंचीचा जेवढा विचार करावा लागतो, तेवढाच तरंगण्याचाही. २०१९च्या आधी सगळ्यांच्या डोक्यात २००५ची रेषा होती. गल्लीने सामान चार-पाच फुटांवर ठेवलं आणि पाणी सातावर गेलं. पण ज्यांच्या घरात पाणी पाचच्या आतच राहिलं त्यांचंही सामान भिजलं, कारण ज्याच्यावर ठेवलं ते लाकडी टेबल किंवा दिवाण पाण्याबरोबर उचलला गेला, कलंडला आणि वरचं सगळं पाण्यात ओतून मोकळा झाला. प्लायवूडचं फर्निचर तरंगलं नाही तर फुगून बसतं. गादी पाणी पिऊन इतकी जड होते की दोघांना उचलत नाही. म्हणून आमचा नियम असा की वर जाईल ते वरच्या मजल्यावर जाईल. जे जाणार नाही, ते लोखंडी खाटेवर, आणि खाट खिडकीच्या गजाला दोरीने आवळलेली.

फ्रिज सगळ्यात फसवा. त्याच्या भिंतींत फोम भरलेला असतो, त्यामुळे पाणी कमरेला आलं की तो होडीसारखा सुटतो आणि फिरत फिरत आडवा होऊन दाराला अडकतो. पूर ओसरल्यावर आतून अडलेलं दार कसं उघडायचं, हा प्रश्न २०१९ला दोन घरांत पडला होता. आम्ही फ्रिज रिकामा केला आणि गल्लीतल्या चौघा पोरांनी तो उभाच्या उभा जिन्याने वर नेला. लोखंडी कपाट वर जाणं शक्य नव्हतं. त्याची दारं सताड उघडी ठेवून बांधली, म्हणजे पाणी आत-बाहेर एकसारखं भरतं आणि कपाट आडवं पडत नाही. आतले कपडे गाठोडी बांधून वर. सासूबाईंचा जीव पितळी भांड्यांत अडकला होता. "पितळेला काय होतंय? ती राहू द्या की," असं अण्णा म्हणाले आणि त्यांचं खरं होतं. भांडी खालीच पोत्यात बांधून ठेवली आणि जिन्यावरची ती खेप धान्यासाठी वापरली.

पाणी आत येऊ द्यायचं की अडवायचं, यावर अजूनही वाद होतात. दारात वाळूची पोती लावून वीतभर पाणी रोखता येतं. पण बाहेर चार फूट आणि आत कोरडं, असा फरक झाला तर तो सगळा भार भिंतीवर येतो, आणि आमच्यासारख्या जुन्या, मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती तो पेलत नाहीत. आपलं पाणी साठलेलं, संथ असतं. ते आत शिरून दोन्ही बाजूंना सारखं झालेलं भिंतीला बरं. म्हणून आम्ही आतली दारं उघडी ठेवून अडसर लावले, कारण लाकडी दार बंद असताना फुगलं की कुऱ्हाडीशिवाय उघडत नाही. अडवायची ती गटारातली घाण. संडासाच्या भांड्यात वाळूने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बसवली आणि न्हाणीच्या जाळीवर तशीच पिशवी ठेवून वर पाटा ठेवला. अंगणातली पाण्याची टाकी काठोकाठ भरून झाकण आवळलं. रिकामी टाकी वर उचलली जाते आणि नळ उखडते.

गॅसच्या टाकीचंही तसंच. भरलेल्या टाकीचं वजन साधारण ३० किलो असतं, पण ती बाजूला सारते ते पाणी त्याहून जड, त्यामुळे भरलेलीसुद्धा तरंगते. रेग्युलेटर काढायचा, पांढरं टोपण दाबून लावायचं आणि टाकी वर न्यायची. नेता आली नाही तर उभीच गजाला बांधायची.

सगळ्यात शेवटी वीज, आणि ते काम नवऱ्याने हातात घेतलं. तो कुपवाडच्या एमआयडीसीत मशीनवर आहे, त्यामुळे त्याला विजेची भीतीही आहे आणि समजही. अण्णांचं म्हणणं असं की पाणी आलं की महावितरण ट्रान्सफॉर्मरवरून लाइट बंद करतंच, मग आपण आधीच अंधारात कशाला बसायचं? नवऱ्याने त्यांना २०१९ची रात्र आठवून दिली. सगळी गल्ली काळोखात होती आणि समोरच्या घरात, गुडघाभर पाण्यात, एक ट्यूबलाइट जळत होती. तो इन्व्हर्टर होता. बाहेरचा पुरवठा गेला की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो, आणि घर रिकामं असलं तरी बोर्डांत वीज राहते. त्या घरात पाण्यातून शिरलेल्या माणसाला ती लागली असती. मेन स्विच बंद केल्याने इन्व्हर्टर बंद होत नाही, हे आमच्या भागात अजून कित्येकांना माहीत नाही.

त्यामुळे त्याने सुरुवात इन्व्हर्टरपासून केली. आधी घरातले सगळे प्लग काढले. मग इन्व्हर्टरच्या तोंडावरचं बटण बंद, त्याचा भिंतीतला प्लग बाहेर, आणि मग बॅटरीची तार. तार काढताना आधी उणे, मग अधिक. उलटं केलं आणि पान्हा लोखंडाला टेकला तर मोठी ठिणगी उडते. दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. बॅटरी दोघांनी उभीच धरून वर नेली, कारण तिरकी झाली की ॲसिड सांडतं. त्यानंतर मेन स्विच खाली, त्याखालचे सगळे एमसीबी खाली, आणि प्रत्येक खोलीतल्या एका पॉइंटवर टेस्टर लावून खात्री. हे सगळं फरशी कोरडी असताना, कोरड्या हातांनी, पायांत रबरी चप्पल घालून, कोरड्या लाकडी पाटावर उभं राहून. मेन स्विचवर त्याने कागद चिकटवला, "वायरमनशिवाय चालू करू नये." कारण पूर ओसरल्यावर घरात पहिलं कोण शिरेल हे सांगता येत नाही.

महावितरण बंद करणार असलं तरी आपण बंद करायचं, याचं दुसरं कारण म्हणजे परत येणारी वीज. गल्लीचा पुरवठा सुरू होईल तेव्हा आपला मेन चालू राहिलेला असेल, तर ओल्या बोर्डांत, पाणी भरलेल्या पाइपांत वीज एकदम शिरते. आणि मेन बंद केला तरी मीटरपर्यंत येणारी तार जिवंतच असते. मीटरला हात लावायचा नाही, त्याला सील असतं, तो भाग त्यांचा.

आणि समजा उशीर झाला, पाणी आत आलं आणि मेन चालूच राहिला? तर त्या स्विचकडे जायचंच नाही. फरशी ओली असताना, पाण्यात उभं राहून मेन ओढणं म्हणजे स्वतः तारेचा भाग होणं. पाण्यात पाय टाकल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर तिथूनच मागे फिरायचं. मग महावितरणला १९१२ वर फोन करून ट्रान्सफॉर्मरवरूनच पुरवठा तोडायला सांगायचं, आणि ते "बंद केला" म्हणेपर्यंत बाहेर थांबायचं. ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. पॅनलमधून उन्हात वीज येतच राहते, मेन बंद केल्याने ती थांबत नाही. बसवणाऱ्याकडून त्याचे दोन्ही बंद करायचे स्विच कोरड्या दिवसात बघून ठेवावेत.

आम्ही विश्रामबागला पाहुण्यांकडे गेलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पाणी टाचेला लागत होतं. अण्णा शेवटपर्यंत "अजून ४७ झाले नाहीत" म्हणत होते, पण आकडा तासभर मागचा असतो आणि पाणी आत्ताचं असतं. ते बोलायचे थांबले आणि मुकाट स्कूटरवर बसले.

२५ जुलैला पुलावर पाणी ५५ फुटांच्या आसपास जाऊन थांबलं. हिशेबाने घरात साडेचार फूट यायला हवं होतं. ओसरल्यावर टेप लावला तेव्हा चार फूट आठ इंच निघालं. दोन इंचांची चूक मला मान्य आहे. वरच्या मजल्यावरचं सगळं कोरडं होतं. खाली लोखंडी कपाट जागच्या जागी उभं होतं, खाट अर्धी फिरली होती कारण एक दोरी सैल पडली. संडासातली पिशवी वर आली नाही, पण न्हाणीतला पाटा सरकून काळं पाणी आलं होतं. आता तिथे पाट्याऐवजी वरून जड दगड ठेवतो.

वीज परत घ्यायला मात्र वेळ लागला. मेन स्विच वर करून बघायचा मोह सगळ्यांना होतो, कारण चिखल काढायला मोटर हवी असते, रात्री उजेड हवा असतो. वायरमनने आल्या आल्या प्रत्येक बोर्ड उघडला. आतून गाळ निघाला. भिंतीतल्या पाइपांत पाणी साठलेलं होतं, ते तार ओढून काढावं लागलं. बुडालेले एमसीबी आणि झटक्यापासून वाचवणारा तो ब्रेकर सुकवून पुन्हा वापरायला त्याने साफ नकार दिला. वरून कोरडे दिसतात, आत गाळ बसतो, आणि नेमकं गरजेच्या वेळी ते पडत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मग मेगर लावून प्रत्येक तारेचं इन्सुलेशन तपासलं. स्वयंपाकघराची तार नापास झाली, ती नवी घातली.

त्याच वेळी एक बदल करून घेतला. पूर्वी खालचा आणि वरचा मजला एकाच मेनवर होता, म्हणजे खालचं बंद केलं की वरही अंधार. आता दोन्हींचे ब्रेकर वेगळे आहेत, आणि दोन्ही वरच्या मजल्याच्या जिन्यात बसवले आहेत. खालच्या खोल्यांच्या तारा आता छतातून खाली उतरतात, त्यामुळे त्यांत पाणी साठत नाही. बोर्ड सात फुटांवर न्यावेत का, असं मी विचारलं होतं. "वैनी, मग बटण दाबायला रोज स्टुलावर चढणार काय?" तो म्हणाला. बोर्ड पाच फुटांवर ठेवले. त्या वर पाणी गेलं तर पुन्हा बदलायचे, हे धरूनच ठेवले आहेत.

गवंडीकाकांनी नंतर नळी घेऊन बाकीच्या घरांचेही आकडे काढून दिले. आमच्या समोरच्या घराची फरशी ५१ला आहे. कोपऱ्यावरच्या भाडेकरूंची ४८ला, आणि ते यंदाच राहायला आले आहेत. त्यांच्या हातात आम्ही घर दाखवायला गेलो तेव्हाच तो आकडा दिला.